येळवशीची भज्जी, दोनदा धरलेला गॅस अन् शतपावली: चालल्यानं पोटात होतं तरी काय?

हुरडापार्टी (धागाकर्ता)
रात्री १०:४०

औशाजवळ आमचं रान आहे. मी पुण्यात असतो, पण येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, चुकवत नाही. परवा दीडच्या सुमारास कोपीत पूजा झाली अन् पंगत बसली. भज्जी, उंडे, भाकरी, खिचडा, वर तांबड्या माठातली आंबील. भज्जी तीनदा घेतली, खोटं कशाला बोलू. तुरीचे दाणे, वाल, हरभरा, वाटाणा, सगळं एकाच वाटीत. त्यावर दोन तांबे आंबील. मग आंब्याखाली गोधडी टाकली अन् उताणा पडलो.

चारच्या सुमारास जाग आली ती पोट डब्ब होऊन. ढेकर येतोय येतोय वाटायचं पण यायचा नाही. चुलत्यानं हाताला धरून उठवलं, म्हणाला बांधावरून एक चक्कर मारून ये. पंधराएक मिनिटं हळूहळू फिरलो. विहिरीपाशी पोचेस्तोवर दोन दणदणीत ढेकर आले अन् पोट मोकळं झालं. मला वाटलं, सुटलो.

घरी आल्यावर रात्री जेवलो नाही. नऊ वाजता खाटेवर पडून मोबाईल बघायलो होतो, तर डाव्या बरगडीच्या खाली कळ मारायली. बायको घाबरली, डावी बाजू ना. मी परत गल्लीत फेऱ्या मारायला लागलो. दहा मिनिटांत वारा सरला अन् कळ गेली.

आता प्रश्न असा. दोन्ही वेळा चालल्यानंच बरं वाटलं, की तसंही वाटलंच असतं? अन् दुपारी चालून पोट मोकळं झालं होतं, तर रात्री परत गॅस आला कुठून? रात्री तर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

---

तूरदाळ
रात्री १०:५५

तीन वाट्या भज्जी खाऊन गॅस आला कुठून हे विचारणारा माणूस पहिल्यांदाच बघायलो.

---

गुरुजी_अंबाजोगाई
रात्री ११:१०

हुरडापार्टी, याचं उत्तर आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवलेलं आहे. जेवल्याबरोबर उठायचं, शंभर पावलं चालायची अन् झोपायचं. शतपावली म्हणतात ती हीच. मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, मधल्या सुट्टीत डबा खाल्ला की व्हरांड्यात शंभर पावलं मोजून चालायचो. आजतागायत पोटाची गोळी घेतली नाही. चालल्यानं जठराग्नी पेटतो अन् अन्न दोन तासांत पचून जातं.

---

रनर_नांदेड
रात्री ११:२५

+१ गुरुजी. पण शंभर पावलांनी काय होणार? मी रात्री जेवण झालं की अर्ध्या तासात पाच किलोमीटर पळतो. जितकं जोरात तितकं लवकर पचतं, साधं गणित आहे. सुरुवातीला पोटात पिळा पडतो, मळमळतं, पण नंतर सवय होते.

---

मांजराकाठ
सकाळी ७:१५

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात बसतो. येळवशीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओपीडीत निम्मे लोक हेच घेऊन येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

हुरडापार्टी, तुम्हाला दोन वेळा गॅस झाला असं तुम्ही म्हणता, पण ते दोन वेगळे गॅस होते. दोघांचा एकमेकांशी जवळपास संबंध नाही.

चार वाजताचा गॅस जठरातला होता, अन् तो मुख्यतः तुम्ही गिळलेली हवा होती. पंगतीत बोलत, हसत, भराभर जेवताना, वरून तांब्यानं घटाघटा आंबील पिताना आपण बरीच हवा गिळतो. ती ढेकरातून निघायला पाहिजे. आता तुम्ही उताणे झोपला होता हे ध्यानात घ्या. अन्ननलिका जठराला वरच्या अंगाला, जरा पाठीच्या बाजूनं जोडलेली असते. माणूस उताणा झाला की आंबील अन् भज्जी पाठीकडं साचते आणि ते तोंड बुडतं. हवा हलकी, ती पोटाच्या पुढच्या बाजूला तरंगते. तिला दार सापडत नाही. म्हणून ढेकर येतोय वाटतं पण येत नाही. उठून उभं राहिलात की हवा वर दाराशी जाते. विहिरीपाशी आलेले दोन ढेकर त्याचेच. इथं निम्मं काम नुसतं उभं राहण्यानंच झालं, चालण्यानं जठराच्या हालचालीला थोडा हातभार लावला.

रात्री नऊचा गॅस भज्जीचा. डाळी-कडधान्यांत काही साखरा अशा असतात की त्या फोडायचं पाचकच माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जंतू त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्यातून गॅस तयार होतो. पण अन्नाचा पहिला भाग तिथं पोचायलाच चार-पाच तास लागतात. तुम्ही दोन वाजता जेवला, म्हणजे जंतूंची पंगत बसली सहा-सातला. चार वाजता बांधावर फिरताना हा गॅस जन्मालाच आलेला नव्हता. मग तो त्या चालण्यानं निघणार कसा?

जेवल्याबरोबर ज्यांचं पोट फुगतं ते नेहमी त्याच जेवणाला दोष देतात. पुष्कळदा त्या वेळी त्रास देणारा गॅस आदल्या जेवणाचा असतो. जठर भरलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं, आणि तिथं आधीच साचलेला गॅस पुढं ढकलला जातो.

---

तूरदाळ
सकाळी ८:०२

डॉक्टर, हे पटलं. पण एक अडचण आहे. हवा हलकी, वर जाते, हे ढेकराला ठीक. वारा तर खालून सरतो. मग उभं राहिल्यावर तो वर जाऊन अडकायला पाहिजे, खाली कसा येतो? चेष्टा नाही, खरंच विचारायलो.

---

मांजराकाठ
सकाळी ८:५०

प्रश्न बिनतोड आहे. आणि तुम्ही म्हणता ते काही अंशी होतंही. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डाव्या बरगडीच्या आत, प्लीहेच्या खाली वळून उतरतं. उभ्या माणसात ते डावं वळण सगळ्यात उंच. गॅस तिथं साचतो अन् ताण देतो. हुरडापार्टींची कळ बरोबर त्या जागची.

पण आतडं म्हणजे दोन्हीकडून उघडी पीव्हीसीची नळी नव्हे, की गॅस तिच्यात नुसता तरंगत राहील. ती जिवंत भिंत आहे. ती आवळते, सैल होते आणि गॅसला पुढं ढकलते. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २००३-०४ च्या सुमारास हे मोजलं. त्यांनी नळीनं थेट लहान आतड्यात गॅस सोडला आणि खालून किती बाहेर येतो ते मोजलं. झोपलेल्या माणसापेक्षा बसत्या-उभ्या माणसाच्या पोटातून गॅस लवकर निघाला. पुढं त्यांनी हलकं सायकलिंग करायला लावलं, तर विश्रांतीपेक्षा आणखी लवकर. नेहमी पोट फुगणाऱ्या लोकांवरही त्यांनी हे करून बघितलं, त्यांनाही फरक पडला.

म्हणजे गॅस 'वर जातो' यापेक्षा आतडं त्याला धरून बसतं की सोडतं, हे महत्त्वाचं. चालताना पोटाचे स्नायू आलटूनपालटून आवळतात, श्वासाचा पडदा वर-खाली होतो, आणि आतड्याच्या स्वतःच्या नसा जाग्या होतात. यातलं कोण किती काम करतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

गुरुजी, दोन तासांत पचतं हे मात्र सोडून द्या. भाकरी-भाजीचं सगळं जेवण नुसतं जठरातून खाली उतरायला तीन-चार तास घेतं, लहान आतड्यात आणखी तितकेच, आणि मोठ्या आतड्यात तर एक-दोन दिवस मुक्काम. चालण्यानं पहिला टप्पा थोडा लवकर उरकतो, म्हणून जडपणा लवकर उतरतो. पचन म्हणाल तर ते आपल्या चालीनंच होतं.

---

आडसची_ताई
सकाळी ९:३०

भाऊ, माझं जरा वेगळं आहे. सासूबाईंना पंधरा वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन घेतात. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात. परवा संध्याकाळी उलटी झाली तर सकाळचा भात तसाच पडला. इथं वाचून मी त्यांना आजपासून जेवल्यावर अंगणात चालवायचं ठरवलंय. किती वेळ चालवू?

---

मांजराकाठ
सकाळी ९:४८

ताई, थांबा. सकाळचा भात संध्याकाळी जसाच्या तसा पडणं हा गॅस नव्हे. बरीच वर्षं शुगर असली की जठराच्या नसा मंदावतात आणि अन्न खाली उतरतच नाही. यात घोळ असा होतो की जेवायच्या आधी घेतलेलं इन्सुलिन वेळेवर काम सुरू करतं, पण अन्न जठरात अडून बसलेलं असतं. मग शुगर एकदम खाली येते. अशात जेवल्यावर चालवलं तर चालण्यानंही शुगर उतरते, म्हणजे दुहेरी. जेवण झाल्यावर तासा-दीड तासात घाम, थरथर, बडबड असं काही होतं का ते बघा. त्या वेळची शुगर तपासून लिहून ठेवा आणि जो डॉक्टर इन्सुलिन देतो त्याला ती वही आणि उलटीची ही गोष्ट याच आठवड्यात सांगा. आधी हे, चालणं मागाहून. इन्सुलिनचा डोस आपल्या मनानं बदलू नका.

---

आडसची_ताई
सकाळी १०:०५

अगंबाई. घाम तर येतो, आम्हाला वाटायचं उन्हाळ्याचा. पण आता तर थंडी आहे. उद्याच जातो केजला.

---

रनर_नांदेड
सकाळी १०:२०

डॉक्टर, माझ्या पळण्यावर काहीच बोलला नाहीत.

---

मांजराकाठ
सकाळी १०:३५

तुमचं तुम्हीच लिहिलंय की, पिळा पडतो अन् मळमळतं. जोरात पळताना रक्त पायांकडं जातं, पोटाकडचं कमी होतं, आणि जठर रिकामं व्हायचं काम उलट रेंगाळतं. हळू चालण्यानं जे वेगात होतं तेच जोरात पळण्यानं मंदावतं. तुमचं गणित इथं उलटं फिरतं. फोनवर भावकीतलं भांडण सांगता येईल, मध्ये दम घ्यावा लागणार नाही, इतपत चाल पुरे. पळायचं असेल तर जेवणाआधी पळा.

---

वैद्य_घराणं
दुपारी १२:१०

गुरुजींच्या शतपावलीत एक पायरी राहिली. सुश्रुतसंहितेत आधी जेवून राजासारखं निवांत बसायला सांगितलंय, अन्नाचा शीण उतरेस्तोवर. मग शंभर पावलं. मग डाव्या कुशीवर पडायचं. आपल्या 'वामकुक्षी' शब्दातला वाम तो हाच, नुसती दुपारची झोप नव्हे. हुरडापार्टी उताणे झोपले म्हणजे वामकुक्षी झालीच नाही!

---

गुरुजी_अंबाजोगाई
दुपारी १२:४०

बसण्याचं माझ्या ध्यानातून निसटलं होतं हे कबूल. पण व्हरांड्यात बसायला मिळायचं कुठं, पुढच्या तासाची घंटा व्हायची. डाव्या कुशीचं मात्र आमच्या वडिलांनी कटाक्षानं पाळलं.

---

मांजराकाठ
दुपारी २:१५

डाव्या कुशीला जळजळीच्या बाबतीत आजच्या वैद्यकाचाही पाठिंबा आहे. त्या कुशीवर जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडाखाली राहते, आंबट वर येत नाही. गॅसबद्दल तितक्या खात्रीनं मी सांगणार नाही.

शंभर पावलं मात्र मला कमी वाटतात. आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर मोजून बघितली, एक मिनिट वीस सेकंदांत संपली. २०२१ मध्ये इराणातल्या डॉक्टरांनी नेहमी पोट फुगणाऱ्या नव्वदेक लोकांवर चार आठवडे प्रयोग केला. काहींना आतड्याची चाल वाढवणारी औषधं, काहींना प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालणं, म्हणजे हजारेक पावलं. फुगणं, ढेकर, जडपणा दोन्हीकडं कमी झाला आणि चालणारे औषधवाल्यांच्या मागं राहिले नाहीत. अर्थात ज्याला चालायला लावलंय त्याला आपण चालतोय हे माहीत असतंच, त्यामुळं 'बरं वाटतंय' यात मनाचा वाटा किती, हे अशा प्रयोगात वेगळं काढता येत नाही. हुरडापार्टींच्या पहिल्या प्रश्नाचंही तेच. गॅस आपोआपही सरलाच असता, पण खाटेवर पडून कदाचित अकरा वाजले असते.

---

सोनपेठची_नर्स
दुपारी ३:००

चालण्याचं महत्त्व आम्हाला विचारा. सिझरच्या दुसऱ्या दिवशी बाईला आम्ही वॉर्डात चालवतो, 'वारा सरला का' विचारतो, अन् चालली की सरतोच. खांद्यात दुखतं त्या दुर्बिणीच्या ऑपरेशनवाल्यांचाही गॅस चालून निघतो.

---

मांजराकाठ
दुपारी ३:२५

सिस्टर, चालवता ते अगदी बरोबर करता, पण ते मुख्यतः पायात गुठळी होऊ नये आणि छाती भरू नये म्हणून. ऑपरेशननंतर सुस्तावलेलं आतडं चालण्यानं लवकर जागं होतं का, हे तपासलं तेव्हा ठोस फरक दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते तसंही जागं व्हायला लागलेलंच असतं. आणि दुर्बिणीवाल्यांचा गॅस आतड्यात नसतोच. तो पोटाच्या पोकळीत भरलेला कार्बन डायऑक्साइड, श्वासाच्या पडद्याला टोचतो म्हणून खांदा दुखतो. तो रक्तात शोषला जाऊन जातो, खालून नाही.

---

सोनपेठची_नर्स
दुपारी ३:४०

खांद्याचं मान्य. पण सिझरचं मी वीस वर्षं डोळ्यांनी बघायलेय डॉक्टर, कागद काही म्हणो.

---

परळी_जंक्शन
सायंकाळी ६:१०

एक सांगायचं होतं. आमच्या शेजारच्या काकांना असंच जेवल्यावर 'गॅस' झाला. छातीच्या मधोमध दाबल्यासारखं. घरच्यांनी फसफसणारी पुडी दिली, ढेकर आला, म्हणाले बरं वाटतंय. मग कुणीतरी म्हणालं जरा चाला, मोकळं होईल. कोपऱ्यापर्यंत गेले अन् खाली बसले. हार्ट अटॅक होता. वाचले, पण उशीर झाला होता. म्हणून धागा वाचताना धाकधूक व्हायली.

---

मांजराकाठ
सायंकाळी ६:४५

तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. खरं तर हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं.

ती पुडी पाण्यात टाकली की स्वतःच गॅस सोडते, त्यामुळं ढेकर येणारच. हृदयाचं दुखणं असलं तरी येणार. म्हणून 'ढेकर आला म्हणजे गॅसच होता' हा पुरावा होत नाही.

आतड्यातल्या गॅसची कळ जागा बदलते, येते-जाते, वारा सरला की उतरते, आणि चालताना वाढत नाही. हृदयाचं दुखणं पुष्कळदा जेवणानंतर चालताना वाढतं, कारण त्या वेळी हृदयावर पोटाचा आणि पायांचा असा दोन्हीकडचा भार असतो. अटॅक नसला तर थांबलं की ओसरतं, पुन्हा चाललं की पुन्हा येतं. जेवून चौकापर्यंत गेल्यावर रोज छातीत भरून येतं आणि उभं राहिलं की कमी होतं, असं सांगणारे पेशंट गॅसच्या गोळ्या खात महिनोन्महिने काढतात. त्यांनी ईसीजी आणि तपासणी करून घ्यावी. पण हे घरी चालवून बघायची चाचणी म्हणून वापरू नका. छातीत दाब, घाम, दम, जबडा किंवा हात भरून येणं यातलं काही असेल तर माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही, गाडी बोलवायची. म्हाताऱ्या माणसांत आणि शुगरवाल्यांत तर नुसता घाम आणि अस्वस्थपणा एवढंच असू शकतं.

आणि पोट दगडासारखं फुगलंय, उलट्या होताहेत, शौचही नाही अन् वाराही सरत नाही, असं झालं तर आतडं अडकलेलं असू शकतं. तिथंही शतपावलीचा उपयोग नाही, सरळ दवाखाना.

---

हुरडापार्टी (धागाकर्ता)
रात्री ९:२०

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, तू परवा डावी बाजू धरून गल्लीत फेऱ्या मारत होतास तेव्हा मी हेच सांगत होते. माझी कळ बरगडीखाली होती, चालताना कमी होत गेली, घाम नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मी यातलं काहीच तपासलं नव्हतं. वय ४६. ईसीजी काढून घेतो.

आज मुद्दाम करून बघितलं. उरलेली भज्जी आईनं गरम केली होती, एकच वाटी घेतली, बाराला जेवलो. बसूनच राहिलो वीसेक मिनिटं, मग घराभोवती दहा मिनिटं. दुपारी काही त्रास नाही. पाच वाजता पोटात गुडगुड सुरू झाली, अगदी तुम्ही म्हणला त्या वेळेला. तशी बाहेर पडून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आलो. सात मिनिटं लागली. वाटेत काय झालं ते लिहीत नाही, मागून चुलता येत होता.

---

तूरदाळ
रात्री ९:३१

चुलत्याला विचारतो.

---

वैद्य_घराणं
रात्री ९:५०

भज्जीत ओवा-हिंग घातला होता का? आमच्याकडं वालाला हिंगाशिवाय हात लावत नाहीत. अन् वज्रासनाचं कुणीच काही बोललं नाही, चालता येत नाही त्यांनी ते करावं का?

---

मांजराकाठ
रात्री १०:०५

वज्रासनात माणूस ताठ बसतो, उताणा नसतो, एवढा फायदा मी मानतो. चालण्याच्या जागी ते पुरतं असं म्हणवत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी तर त्या वाटेला जाऊ नये, माझ्याकडं निम्मे आजोबा गुडघ्यांसाठीच येतात. हिंगाचं वैद्यांनीच सांगावं.

---

आडसची_ताई
दुसऱ्या दिवशी दुपारी १:३०

केजहून आले. आज नाश्त्यानंतर सव्वा तासानं शुगर ५८ आली होती, वही दाखवली. डॉक्टरांनी इन्सुलिनची वेळ बदलली अन् जेवण थोडं थोडं, पातळ करून पाच वेळा द्यायला सांगितलं. चालवायचं विचारलं, तर म्हणाले आठ दिवस शुगर लिहा, मग सांगतो.